नळाला पाणी आलं, तेव्हा अभिनंदनाचं पत्र कसं लिहिलं: एका गावाचं प्रकरण

## पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातलं हे गाव. लोकसंख्या साधारण तेराशे. बहुतेक घरं गावठाणात आणि गावापासून कोसभर नव्हे पण चांगल्या चालीनं पंधरा मिनिटांवर माळवस्ती, तिथं ३१ घरं. गावाचं नाव, माणसांची नावं इथं देत नाही. बाकी जे घडलं ते घडलं तसं मांडतो, कारण मी त्यात होतो. गावात अर्ज, निमंत्रणं, मानपत्रं लिहायची असली की लोक माझ्याकडे येतात. हेही काम तसंच आलं.

गावात पूर्वी एक जुनी नळयोजना होती. तिची विहीर मार्चमध्ये तळाला जायची आणि मग टँकर. २०२२ च्या अखेरीस जलजीवन मिशनमधून नव्या योजनेचा कार्यारंभ आदेश निघाला. पाझर तलावाच्या खाली नवी विहीर, तिथून पाणी टाकीपर्यंत चढवणारी ऊर्ध्ववाहिनी, शाळेमागं ५० हजार लिटरची उंच टाकी आणि घरोघर नळजोडणी. दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी, हे या योजनेचं माप. काम जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागामार्फत, ठेकेदाराकडून. गावाच्या बाजूनं लक्ष ठेवायला पाणीपुरवठा व स्वच्छता समिती.

त्या समितीत आमच्या वॉर्डाच्या सदस्या होत्या. त्यांना इथं ताई म्हणतो, वॉर्डातही सगळे तेच म्हणतात. राखीव जागेवरून निवडून आलेल्या. पहिलं वर्षभर गावानं त्यांना ‘दादांच्या मिसेस’ म्हणूनच ओळखलं. दादा म्हणजे त्यांचे यजमान, गावात उठबस असलेले, आणि सदस्य कोण असं विचारलं तर निम्म्या लोकांनी त्यांचंच नाव सांगितलं असतं.

२०२४ च्या जूनअखेरीस टाकी पहिल्यांदा भरली. गावठाणात नळाला पाणी आलं. ज्या बायकांनी वीस-वीस वर्षं डोक्यावर हंडे वाहिले त्यांच्यातल्या एकीनं नळाखाली कळशी लावली आणि ती भरून वाहू लागली तरी उचलली नाही, नुसती बघत राहिली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यामुळे पुढं जे वाद झाले त्यात कुणाचा आनंद खोटा होता असं कुणी समजू नये.

## काय अडलं

जुलैत तरुण मंडळाची चार-पाच पोरं मजकूर घेऊनच आली. चौकात फ्लेक्स लावायचा, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचायचा. मी फक्त शुद्धलेखन बघायचं होतं. मजकूर असा होता:

“आपल्या वॉर्डाचे कर्तृत्ववान नेतृत्व, मा. दादा यांच्या अथक प्रयत्नांतून गावची नळपाणीपुरवठा योजना शंभर टक्के पूर्ण! घराघरात मुबलक आणि शुद्ध पाणी! समस्त ग्रामस्थांच्या वतीने हार्दिक अभिनंदन!”

मी शुद्धलेखन बघायला बसलो आणि पहिल्याच ओळीत थांबलो. सदस्य ताई. समितीच्या बैठकांना जाणाऱ्या ताई. अभिनंदन दादांचं. पोरांना हे खटकलंच नव्हतं. “एकच की ओ, घरातलंच हाय,” असं एकजण म्हणाला.

ती ओळ बदलायला पोरं लगेच तयार झाली. पण तेवढ्यात माळवस्तीवरची एक काकू दळण घेऊन चालली होती, ती दारातूनच बोलली, “आमच्याकडं नळाला नुसता वारा येतोय. तुमचं शंभर टक्के कुणाचं?” आणि पुढं निघून गेली.

मग मी तो मजकूर शब्दाशब्दानं वाचला. ‘शंभर टक्के पूर्ण’ हे कुणी ठरवलं? ‘घराघरात’ म्हणजे माळवस्ती धरून की सोडून? ‘मुबलक’ हे पावसाळ्यात सगळंच असतं. ‘शुद्ध’ म्हणायला नव्या विहिरीच्या पाण्याचा प्रयोगशाळेतला अहवाल अजून आलेला नव्हता. आणि ‘समस्त ग्रामस्थ’ यात ती काकूही आली, तिला कुणी विचारलं नव्हतं.

एवढ्यावरही मी कदाचित चार शब्द बदलून मजकूर परत केला असता. शुभेच्छांच्या फ्लेक्सवर कोण इतकं बारीक वाचतं? पण दोन दिवसांनी ठेकेदाराचा सुपरवायझर आला. त्यालाही कानावर गेलं होतं. त्याची विनंती साधी होती: हाच मजकूर ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर घ्या, खाली चाळीस-पन्नास सह्या घ्या आणि एक प्रत मला द्या, बिलाला जोडतो.

इथं गोष्टीचं वजन बदललं. सरळ सांगायचं तर गावकऱ्यांच्या पत्रावर ठेकेदाराचं बिल निघत नाही. त्यासाठी शाखा अभियंत्यानं मोजमाप पुस्तिकेत नोंद करावी लागते, त्रयस्थ तपासणी होते, मग अंतिम देयक. पण ‘योजना पूर्ण, घराघरात पाणी’ असं पन्नास सह्यांनिशी लिहून दिलेलं पत्र फाईलमध्ये गेलं की माळवस्तीची तक्रार दुबळी होते. उद्या कुणी तालुक्याला गेलं की समोरचा माणूस तेच पत्र दाखवणार. शिवाय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच ‘हर घर जल’चा ठराव घ्यायचं घाटत होतं. या ठरावात ग्रामसभा स्वतः म्हणते की गावातल्या प्रत्येक घराला, शाळेला, अंगणवाडीला नळानं पाणी मिळतं. अभिनंदनाचं पत्र आधी वाचायचं आणि टाळ्या थांबायच्या आत ठराव मांडायचा, असा तो क्रम ठरला होता. कुणी कट केला होता असं मी म्हणणार नाही. पण तसं झालं असतं तर ठरावाला विरोध करायला माळवस्तीचं कुणी उभं राहिलं नसतं. अभिनंदनाच्या वेळी तोंड वाकडं करणारा माणूस गावात कुणालाच आवडत नाही.

## समोर असलेले पर्याय

त्या रात्री माझ्या ओसरीवर सातजण बसलो. तीन पोरं, समितीतल्या दोघी, पाणी सोडणारा भाऊ आणि मी. माळवस्तीचं कुणी नव्हतं, ही चूक, तिच्याकडे पुढं येतो.

एक मत असं की दादांच्या जागी ताईंचं नाव घालून मजकूर आहे तसा जाऊ द्या. माळवस्तीचं होईल मागाहून. या मताला जोर होता, कारण ताईंच्या विरोधातला गट कधीपासून टपून बसलेला. आपणच ‘काम अपुरं आहे’ म्हटलं तर त्यांच्या हाती कोलीत मिळेल. दोन वर्षं राबलेल्या बाईला आपल्याच माणसांनी खाली पाहायला लावायचं का?

दुसरं मत होतं गप्प बसायचं. माळवस्तीला पाणी येईपर्यंत अभिनंदनाचा विषयच काढायचा नाही. हे मला आधी पटलं. पण समितीतल्या एकीनं त्याला उत्तर दिलं ते खरं होतं. ती म्हणाली, “बाईमाणसानं काम केलं की वाट बघायला लावायची आणि बाप्यानं नुसता नारळ फोडला तरी फोटो.” आणि गप्प बसून माळवस्तीला पाणी येणार होतं असंही नाही.

तिसरं मत, तोंडी अभिनंदन आत्ता करू, लेखी नंतर. चौथं, पत्र लिहूच, पण त्यात झालं तेही लिहू आणि राहिलं तेही.

चौथ्या मताला पोरांचा विरोध होता, आणि तो समजण्यासारखा होता. अभिनंदनाच्या पत्रात उणं काढायचं म्हणजे लग्नाच्या आहेरावर किंमत लिहून देणं. असं पत्र कुणी लिहीत नाही.

## निर्णय कसा झाला

वाद मिटला नाही तो नाहीच. पण पाणी सोडणाऱ्या भाऊनं विचारलं, “माळावर नक्की किती घरांना येत नाही, कुणाला ठावं हाय का?” कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणे सगळ्यांनाच कमी येतं, कुणी म्हणे दोन-चार घरंच कुरकुर करतात. आपण शब्दावरून भांडत होतो आणि मोजलं कुणीच नव्हतं.

म्हणून पहिला निर्णय पत्राचा नव्हताच. पहिला निर्णय बादली लावायचा.

हिशेब असा केला. पाच माणसांचं घर धरलं तर ५५ लिटरप्रमाणे दिवसाला २७५ लिटर. माळवस्तीला पाणी दीड तास सुटतं, म्हणजे नव्वद मिनिटं. म्हणजे मिनिटाला तीन लिटरच्या किंचित वर. १० लिटरची बादली सव्वातीन मिनिटांत भरली तर त्या घराला हक्काचं पाणी मिळतं, जास्त वेळ लागला तर मिळत नाही. यात अभियंता लागत नाही. बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं.

मोजायची एक पद्धत मात्र पाळली. पाणी सुटल्या सुटल्या मोजायचं नाही, कारण तेव्हा पाइपात साठलेलं पाणी आणि हवा येते. पाळी निम्मी झाल्यावर मोजायचं, शेजारच्यांच्या तोट्या जशा असतील तशाच ठेवून. आपण आलोय म्हणून कुणी आपला नळ बंद करायचा नाही, नाहीतर माप खोटं पडतं. पोरांनी दोन दिवसांत ३१ घरं केली, कारण दीड तासात सगळी होत नव्हती.

गावठाणात पाहिलं तर बादली मिनिटाच्या आत भरत होती. माळावर ९ घरांत सव्वातीन मिनिटांच्या आत भरली. १४ घरांत सहा ते अकरा मिनिटं लागली. आणि ८ घरांत बादलीचा तळही नीट भिजला नाही, नळातून नुसती फुसफुस. काकू म्हणाल्या होत्या तो वारा हाच.

ज्यांनी ‘शंभर टक्के’ लिहिलं होतं त्याच पोरांनी हे आकडे वहीत उतरवले होते. नंतर कुणी मला ते शब्द काढ की ठेव असं विचारलं नाही.

दुसरा निर्णय जास्त अवघड होता: हे ताईंना आधी सांगायचं की ग्रामसभेत एकदम मांडायचं? काहींचं म्हणणं होतं की ग्रामसभा हीच जागा, लपवायचं काय? मला वाटलं, ज्यांचं अभिनंदन करायचंय त्यांना चारचौघांत धक्का देणं बरं नाही. मी आणि समितीतल्या दोघी ताईंच्या घरी गेलो. वही दाखवली.

ताईंना लागलं. “दोन वर्षं तालुक्याला खेटे घालत होते तेव्हा कुणी बादली घेऊन आलं नाही,” म्हणाल्या. आम्ही ऐकून घेतलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी वही परत मागितली. एकेक घर वाचलं. मग म्हणाल्या, “ही नावं मला एका कागदावर सरळ लिहून द्या. मी तोंडी सांगते तर साहेब म्हणतात, बाई, कुणाला येत नाही ते सांगा. हे दाखवते.”

त्या क्षणी मला कळलं की अभिनंदनाचं पत्र आणि तक्रारीचा कागद एकमेकांच्या विरोधात नव्हते. ताईंना दुसऱ्याची पहिल्यापेक्षा जास्त गरज होती.

## प्रत्यक्षात काय केलं

ठेकेदाराच्या माणसाला सह्यांचं पत्र द्यायचं नाही असं ठरलं आणि तसं त्याला समितीतर्फे सांगितलं. तो नाराज झाला, पण भांडला नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ‘हर घर जल’चा ठराव पुढं ढकलला. ग्रामसेवकांनी इतिवृत्तात कारण लिहिलं: माळवस्तीतल्या २२ घरांना पुरेसा दाब नाही, यादी सोबत. त्याच सभेत ताईंचं तोंडी अभिनंदन झालं, एका आजींनी ओटी भरली. फ्लेक्स लागला नाही.

यादी घेऊन ताई उपविभागात गेल्या. आठवड्याभरात शाखा अभियंता माळावर आले. त्यांनी समजावून सांगितलं ते पुढं पत्रातही उपयोगी पडलं, म्हणून इथं सांगतो.

टाकीचा तळ जमिनीपासून १२ मीटरवर आहे. माळवस्तीची बहुतेक घरं टाकीच्या जमिनीपेक्षा चार मीटर उंचावर. म्हणजे पाणी ढकलायला आठ मीटरचा उतार शिल्लक राहतो, आणि जवळजवळ किलोमीटरभर पाइपातून जाताना घासण्यातच त्यातला बराच खर्च होतो. त्यात गावठाणाचा व्हॉल्व आणि माळाचा व्हॉल्व एकाच वेळी उघडत होते. खालच्या दीडशे-दोनशे नळांना पाणी सोपं जातं, ते तिकडंच पळतं. दुसरी गोष्ट, वाटेत पाइप एका उंचवट्यावरून जातो. अशा ठिकाणी हवा कोंडते आणि पाण्याची वाट अडवते. तिथं हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व लागतो. तो अंदाजपत्रकात होता. जागेवर नव्हता.

अंतिम देयक निघायचं होतं म्हणून एअर व्हॉल्व पंधरा दिवसांत बसला. सप्टेंबरपासून पाळ्या वेगळ्या केल्या: पहाटे साडेपाच ते सात फक्त माळ, त्यानंतर गावठाण. यासाठी भाऊला रोज दीड तास आधी उठावं लागतं, त्याचं मानधन थोडं वाढवायचं समितीनं कबूल केलं. गावठाणातल्या काहींनी कुरकुर केली, कारण त्यांचं पाणी उशिरा येऊ लागलं.

सप्टेंबरच्या शेवटी पोरांनी पुन्हा बादली लावली. ३१ पैकी २७ घरांत सव्वातीन मिनिटांच्या आत. उरलेली चार घरं अगदी टेकाडावर, बाकीच्यांहून आणखी चार मीटर वर. खालच्या घरांच्या तोट्या उघड्या असल्या की तिथं पाणी चढतच नाही. त्यांच्यासाठी वस्तीच्या मध्यावर वेगळा व्हॉल्व हवा, म्हणजे पाळीच्या शेवटी खालची गल्ली बंद करून त्यांना अर्धा तास देता येईल. ते काम मागितलं. तोपर्यंत त्या चार घरांसाठी गल्लीच्या तोंडाला एक सार्वजनिक नळ.

मधल्या काळात पाणी तपासणीचा अहवालही आला, पाणी पिण्यायोग्य. आता पत्र लिहिता येत होतं.

लिहिण्याआधी मी ग्रामपंचायतीत बसून समितीचं इतिवृत्त वाचलं. याचा फार फायदा झाला. ‘अथक प्रयत्न’ हे शब्द आपण वापरतो ते बहुतेक वेळा प्रयत्न काय होते ते माहीत नसतं म्हणून. योजना सदस्य बांधत नाही, पैसे सदस्याचे नसतात. मग अभिनंदन कशाचं? इतिवृत्तात उत्तर होतं. तेरा बैठकांपैकी अकरांना ताई हजर. विहिरीच्या दोन गुंठे जागेचं बक्षीसपत्र करून द्यायला दोन भावांना राजी केलं ते त्यांनी. आणि एक गोष्ट गावात कुणालाच ठाऊक नव्हती. खालच्या आळीत पाइप जेमतेम फूटभर खोल टाकून चर बुजवायला लागले होते, तेव्हा ताई टेप घेऊन चरापाशी उभ्या राहिल्या आणि तीन फूट खोदल्याशिवाय माती लोटू दिली नाही. ट्रॅक्टरच्या वजनानं दर वर्षी फुटणारा पाइप आमच्या आळीत फुटणार नाही, तो यामुळं.

पत्र असं झालं:

“सौ. ताई यांस, वॉर्डातील रहिवाशांचा नमस्कार.

आपल्या गावची नवी नळपाणीपुरवठा योजना सुरू झाली आहे. गावठाणातील सर्व घरांना आणि माळवस्तीतील ३१ पैकी २७ घरांना आज नळाने पुरेसे पाणी मिळते. हे आम्ही घरोघर मोजून लिहीत आहोत.

विहिरीसाठी जागा मिळवताना आपण घेतलेले कष्ट, समितीच्या बैठकांना आपली हजेरी, पाइपाचा चर तीन फूट खोल व्हावा म्हणून आपण भर उन्हात धरलेला आग्रह आणि माळवस्तीची यादी घेऊन आपण केलेला पाठपुरावा, याबद्दल आम्ही आपले मनापासून अभिनंदन करतो. आमच्या घरातील बायका-मुलींच्या डोक्यावरचा हंडा उतरला. हे आम्ही विसरणार नाही.

जागा देणारे दोघे बंधू, समितीच्या सर्व सदस्या आणि रोज पहाटे उठून पाणी सोडणारा आपला भाऊ यांचेही आम्ही ऋणी आहोत.

माळवस्तीतील वरच्या चार घरांचे पाणी अद्याप राहिले आहे. तो व्हॉल्व बसेपर्यंत आम्ही आपल्यासोबत तालुक्याला येऊ.

आपले,
वॉर्डातील रहिवासी”

शेवटचं वाक्य पोरांनी सुचवलं. मला वाटतं पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच आहे. उणं सांगितलं, पण ते त्यांच्या एकटीच्या माथी मारलं नाही.

खाली ६४ सह्या झाल्या, त्यात माळवस्तीच्या १९. वरच्या चार घरांपैकी तिघांनी सही केली, चौथ्यानं नाही. त्याला कुणी आग्रह केला नाही. ‘समस्त ग्रामस्थ’ असं कुठंही लिहिलं नाही.

## निष्पत्ती

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पत्र वाचलं. वाचलं त्याच काकूंनी, ज्या दळण घेऊन दारातून बोलल्या होत्या. ताईंनी पत्र घेतलं आणि चार घरांच्या व्हॉल्वचा ठराव तिथंच मांडला, तो मंजूर झाला. विरोधी गटातल्या एकानं विचारलं, “म्हणजे योजना अपुरी आहे हे तुम्हीच कबूल करता?” ताई म्हणाल्या, “चार घरांपुरती आहे. पत्रातच लिहिलंय.” त्यावर पुढं काही झालं नाही. ज्या कोलिताची आम्हाला भीती होती ते कुणी उचललं नाही, कारण लपवलेलं काही उरलंच नव्हतं.

दादा सभेत मागं बसले होते. त्यांना वाईट वाटेल अशी पोरांना धास्ती होती. पत्र वाचून झाल्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत तेही होते. फ्लेक्सऐवजी पत्राची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली आणि एक प्रत समितीच्या फाईलमध्ये, दोन्ही वेळच्या बादलीच्या नोंदींसह.

वरच्या चार घरांचा व्हॉल्व डिसेंबरात बसला. ‘हर घर जल’चा ठराव २६ जानेवारीला झाला.

## वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रात्री ओसरीवर माळवस्तीचं कुणी नव्हतं. ज्यांच्या नळाला वारा येत होता त्यांच्याविषयी आम्ही त्यांच्यामागं बोलत होतो. काकू त्या वाटेनं गेल्या नसत्या तर बादली लागली नसती आणि मजकूर छापून चौकात चढला असता. अभिनंदनाचा मजकूर लिहायला बसताना योजनेच्या शेवटच्या टोकाचा एक माणूस, शक्यतो पाणी भरणारी बाई, सोबत हवीच होती.

बादली फार उशिरा लावली. टाकी भरली त्याच आठवड्यात लावली असती तर ठेकेदाराची माणसं, यंत्रं गावातच होती. एअर व्हॉल्व नाही हे तेव्हाच दिसलं असतं. चाचणीच्या दिवशी सगळे टाकीपाशी जमले होते. शेवटच्या नळापाशी कुणी नव्हतं.

ताईंकडे जायलाही आम्ही वही भरल्यावर गेलो. मोजायच्या आधी गेलो असतो, मोजायला त्यांना सोबत नेलं असतं, तर त्यांना ते आपल्यावरचं बोट वाटलं नसतं. ‘तेव्हा कुणी बादली घेऊन आलं नाही’ हे वाक्य मला अजून आठवतं.

आणि पत्रातली एक मोठी चूक मला दोनच महिन्यांत कळायला हवी होती, ती कळली एप्रिलमध्ये. ‘आज पुरेसे पाणी मिळते’ असं मी लिहिलं. ते आज म्हणजे सप्टेंबरअखेर, तलाव भरलेला, विहीर काठोकाठ. नव्या विहिरीनं उन्हाळा पाहिलेलाच नव्हता. ‘हे मोजमाप पावसाळ्यातल्या पाण्यावर केले आहे, उन्हाळ्यात पुन्हा करू’ असं एक वाक्य घालायचं होतं. एप्रिलमध्ये विहिरीची पातळी उतरली, पंप रोजच्या निम्मा वेळही चालेना आणि पाणी एकाआड एक दिवस सोडावं लागलं. एकजण पत्राची फलकावरची प्रत मोबाइलवर दाखवत ताईंना म्हणाला, “पुरेसं म्हणून तुमच्याच लोकांनी लिहिलं होतं ना?” उत्तर मला द्यायला हवं होतं, द्यावं लागलं त्यांना.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पोरांनी तिसऱ्यांदा बादली लावली. या वेळी ताई सोबत होत्या, पहाटे साडेपाचला, माळावर. बादल्या वेळेत भरत होत्या, फक्त दिवसाआड. म्हणजे पाइपांचं दुखणं गेलं होतं, आता प्रश्न विहिरीचा होता. त्या नोंदी फाईलमध्ये पत्राच्या मागं लावल्या आहेत आणि विहिरीला आडवे बोअर घेता येतील का, हे तपासायला समितीनं भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेकडे अर्ज केला आहे. अर्ज मी लिहिला, खाली पहिली सही ताईंची आहे.